काळी खपली: स्क्रब टायफसच्या खुणेचा माग

2018च्या पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, नागपूरच्या रुग्णालयांत तापाचे असे रुग्ण येऊ लागले की ज्यांचा डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, आणि तरीही प्रकृती झपाट्यानं ढासळत होती. बरेचसे पूर्व विदर्भातल्या खेड्यांतले, काही मध्य प्रदेशातून आलेले. निदान झालं स्क्रब टायफसचं. काही रुग्ण दगावले, आणि वर्तमानपत्रांतून हा ‘नवा ताप’ म्हणून गाजला. नवा तो अजिबात नव्हता. या आजाराची शरीरावरची खूण जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली होती.

ती खूण म्हणजे एस्चर. गवतातल्या एका अतिसूक्ष्म किड्याची, ट्रॉम्बिक्युलिड माइटची, अळी माणसाला चावते. अळीची लांबी मिलिमीटरचा पाचवा भाग, म्हणजे नुसत्या डोळ्यांना ती जवळजवळ दिसतच नाही. ती रक्त पीत नाही. लाळेनं त्वचेच्या पेशी विरघळवून तो द्रव शोषते. त्या लाळेतून ओरिएंशिया त्सुत्सुगामुशी हा जिवाणू त्वचेत उतरतो आणि तिथंच आधी वाढतो. चाव्याच्या जागी बारीक पुटकुळी येते, मग फोड, मग लहानसा व्रण. आतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दाह होऊन तेवढ्या भागातली त्वचा मरते आणि वर काळी खपली धरते. अर्धा ते दोन सेंटिमीटर रुंद, भोवती लालसर कडा. सिगारेटचा चटका बसल्यासारखी दिसते, पण दुखत नाही आणि सहसा खाजतही नाही. चाव्यानंतर साधारण दहा-बारा दिवसांनी ताप चढतो, तोवर खपली बहुधा तयार झालेली असते. दुखत नसल्यामुळे रुग्ण तिच्याबद्दल बोलत नाही. या खुणेचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

जपानच्या निईगाता, अकिता आणि यामागाता भागांत नद्यांना पूर येऊन गेला की काठच्या गाळाच्या जमिनीवर शेतकरी उन्हाळ्यात कामाला उतरत, आणि त्यांच्यातल्या अनेकांना प्राणघातक ताप येई. हा ताप बारीक किड्याच्या चाव्यातून येतो, हे तिथल्या लोकांना डॉक्टरांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. अकितात तर या किड्याचा कोप शमवण्यासाठी नदीकाठी देवळं बांधलेली आहेत. निईगातात काम करणारे स्कॉटिश मिशनरी डॉक्टर थिओबाल्ड पाम यांनी 1878मध्ये या आजाराचं वर्णन पाश्चात्त्य वाचकांसमोर ठेवलं. पुढच्याच वर्षी जर्मन वैद्य एर्विन बेल्झ आणि त्यांचे जपानी सहकारी कावाकामी यांनी ‘जपानी पूरज्वर’ म्हणून सविस्तर निबंध लिहिला. काळा व्रण, त्याच्या जवळची सुजलेली गाठ, मग चढता ताप आणि पुरळ, हा क्रम तेव्हापासून पक्का झाला. जपानी डॉक्टरांना व्रण शोधायची सवय होती, कारण रुग्णच तो दाखवत येत.

1920च्या दशकात मलायात मात्र वेगळंच घडलं. विल्यम फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथं टायफससारखे दोन ताप दिसले. एक शहरातल्या दुकानदार-हमालांना होणारा, दुसरा मळ्यांत आणि झुडपं तोडणाऱ्या मजुरांना होणारा. दोघांतला फरक त्यांनी वाइल-फेलिक्स या रक्तचाचणीनं दाखवला. शहरी तापाचं रक्त प्रोटियस जिवाणूच्या एका वाणाशी गुठळ्या धरी, तर ग्रामीण तापाचं ओएक्स-के या दुसऱ्या वाणाशी. हा ग्रामीण ताप म्हणजेच स्क्रब टायफस. पण तो आणि जपानचा नदीकाठचा ताप एकच, हे मान्य व्हायला पुढं दशकभराहून अधिक काळ गेला. मोठी अडचण हीच, की मलायातल्या बहुतेक रुग्णांत काळा व्रण सापडत नव्हता. जपानी आजाराची ओळख व्रणावर उभी, मग व्रण नसलेला ताप तोच कसा म्हणायचा? अखेर लेवथवेट आणि सावूर यांनी क्वालालंपूरमध्ये प्राण्यांवर प्रयोग केले. एका आजारातून बरा झालेला प्राणी दुसऱ्या आजारालाही दाद देत नाही असं त्यांना आढळलं, आणि 1940च्या सुमारास हे दोन्ही आजार एकच असल्याचं त्यांनी मांडलं. मला हा प्रसंग या साऱ्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. व्रण सापडला तर निदान जवळजवळ हातात येतं. सापडला नाही म्हणून आजार नाही असं ठरवलं, की नेमकी तीच चूक पुन्हा होते.

काळी खपली फक्त माइटचीच नसते. 1910मध्ये ट्युनिसमध्ये कोनोर आणि ब्रूख यांनी पुरळ येणाऱ्या एका तापाचं वर्णन केलं, आणि 1920च्या दशकात मार्सेयच्या डॉक्टरांनी त्याच तापातल्या काळ्या डागाकडे लक्ष वेधलं. तिथं चावणारी होती कुत्र्याची गोचीड, आणि जिवाणू रिकेट्सिया कोनोराय. भारतात 1917मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसचे जॉन मेगॉ यांनी कुमाऊँच्या डोंगरातल्या गोचीड चावल्यानंतरच्या तापाची नोंद केली. ‘इंडियन टिक टायफस’ची कहाणी तिथून सुरू होते. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या गोचीडजन्य रिकेट्सियाची नोंद 1984मध्ये प्रसिद्ध झाली आणि अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी पुढं मुलांमधले रुग्ण मांडले. आपल्याकडच्या या गोचीडतापात खपली क्वचितच सापडते. तळहात-तळपायांवरही पसरणारं पुरळ हीच तिथं जास्त भरवशाची खूण. सिंधुदुर्गातला माकडतापही गोचिडीतूनच येतो, पण तो विषाणूचा आजार. त्यात एस्चर नसतो आणि या आजारांची औषधंही त्याला लागू पडत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर स्क्रब टायफसनं सैन्याला अक्षरशः जेरीस आणलं. उंच गवतात तळ पडले की दोन आठवड्यांनी तापाची लाट येई. त्या काळी उपचार म्हणजे चांगली शुश्रूषा, बस. 1948मध्ये जोसेफ स्मेडेल यांच्या पथकानं क्वालालंपूरला क्लोरॅम्फेनिकॉल देऊन पाहिलं आणि रुग्णांचा ताप दिवस-दोन दिवसांत उतरला. मग टेट्रासायक्लिन आलं. विषमज्वरासह कितीतरी तापांना हीच औषधं सर्रास दिली जाऊ लागली, त्यामुळे निदान न होताही स्क्रब टायफसचे रुग्ण बरे होत गेले आणि आजार पाठ्यपुस्तकाच्या तळटिपेत जाऊन बसला. पुढं ही औषधं मागं पडली आणि तापाला सेफ्ट्रिअॅक्झोनसारखी इंजेक्शनं हा रिवाज झाला. हा जिवाणू पेशींच्या आत राहतो आणि या गटातल्या औषधांना दाद देत नाही. विसर पडलेला हा आजार पुन्हा डोकं वर काढण्यामागचं हे एक मोठं कारण असावं असं माझं मत आहे.

आजची गोष्ट एका नमुन्यावरून पाहू. समजा, भंडारा जिल्ह्यातली पस्तिशीची एक बाई सप्टेंबरात धानाच्या बांधावरचं गवत कापायला जाते. पाच दिवस ताप, डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय. गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस इंजेक्शन दिलं, उतार नाही. मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्या निगेटिव्ह. प्लेटलेट्स 80 हजार, यकृताची एन्झाइम्स तिपटीनं वाढलेली, आता कोरडा खोकलाही सुरू. इथपर्यंतचं चित्र डेंग्यू, लेप्टो, विषमज्वर कुणाचंही असू शकतं. सातव्या दिवशी तपासताना डाव्या काखेत एक दुखरी गाठ हाताला लागते. काखेतली गाठ कुठल्या भागातल्या संसर्गानं सुजते? हात, छाती, स्तन, पाठीचा वरचा भाग. मग तो भाग उघडून उजेडात पाहायचा. डाव्या स्तनाखालच्या घडीत सेंटिमीटरभराची काळी खपली मिळते. “ही कधीची?” म्हटल्यावर ती म्हणते, “काई दुखत नाई, ध्यानातच नाई आलं.” डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरणीला लागतो. हेच औषध आणखी चार-पाच दिवसांनी मिळालं असतं, तर फुप्फुसं, मूत्रपिंडं किंवा मेंदू यांपैकी काहीतरी अडचणीत येऊ शकलं असतं.

अळी अंगावर चढत जाते आणि कपडा जिथं घट्ट बसतो किंवा त्वचा मऊ-ओलसर असते तिथं थांबते. म्हणून पुरुषांत जांघ, वृषणाची त्वचा आणि काख, तर स्त्रियांत स्तनांखाली, छाती आणि पोट या जागा जास्त दिसतात. शिवाय परकराच्या नाडीची रेघ, कानामागची बाजू, डोक्याची त्वचा आणि नितंबांची घडी. बाह्यरुग्ण विभागात साडी-शर्टावरूनच तपासणी होते तेव्हा यातली एकही जागा दिसत नाही. पडदा, स्त्री परिचारिका आणि दोन मिनिटं वेळ, एवढं लागतं. आणि घडीतल्या ओलसर जागी पुष्कळदा काळी खपली धरतच नाही. तिथं पिवळसर तळाचा उथळ व्रण असतो, जो घामोळं किंवा चोळवटलेली त्वचा समजून सोडला जातो. सावळ्या त्वचेवर भोवतीची लाल कडाही उठून दिसत नाही.

उलट बाजूनं, प्रत्येक काळी खपली या तापांची नसते. मेलेल्या जनावराचं कातडं सोलणाऱ्याच्या हातावर न दुखणारी काळी खपली आणि भोवती भलीमोठी सूज असेल तर आधी अँथ्रॅक्सचा विचार करावा लागतो. भाजल्याचे डाग आणि चिघळलेले कीटकदंशही फसवतात, पण त्यांत वेदना किंवा पू असतो.

रक्तातली आयजीएम प्रतिपिंडं वर यायला साधारण आठवडा लागतो, म्हणून पहिल्या काही दिवसांतला निगेटिव्ह अहवाल आजार नाही असं सांगत नाही. जुनी वाइल-फेलिक्स चाचणी अजून अनेक ठिकाणी एकटीच उपलब्ध असते आणि ती बरेच रुग्ण चुकवते. इथं खपली दुसऱ्यांदा कामी येते. तिचा तुकडा किंवा व्रणाच्या तळाचा पुसलेला नमुना पीसीआरला पाठवला, तर त्यात जिवाणूचं जनुकीय द्रव्य रक्तापेक्षा सहज सापडतं, अनेकदा औषध सुरू केल्यानंतरही. उपचार मात्र अहवालासाठी थांबवायचे नाहीत. गरोदरपणी अॅझिथ्रोमायसिन वापरतात. गंभीर रुग्णांसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या नेतृत्वाखाली भारतातल्या अनेक रुग्णालयांत चाचणी झाली. 2023मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अॅझिथ्रोमायसिन एकत्र देणं यांपैकी कुठलंही एकटं देण्यापेक्षा सरस ठरलं.