उजव्या बाजूची बटणं डाव्या हाताखाली

माझ्या मावसभावाचा उजवा हात बाइकच्या अपघातानंतर खांद्यापासून लुळा पडला. त्याचा पीएस४ हा गेमिंग कन्सोल कपाटात जायच्या बेतात होता, कारण 'एका हाताने खेळायचं तर वेगळा महागडा कंट्रोलर घ्यावा लागतो' असं त्याला कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं. काही जणांना तो लागतोही. पण मार्च २०१५च्या अपडेटपासून प्रत्येक पीएस४मध्ये एक फुकटची सोय आहे: Settings > Accessibility > Button Assignments. तिथे Enable Custom Button Assignments वर टिक केली की कोणत्या बटणाने कोणाचं काम करायचं, ते आपण ठरवतो.

हे कसं चालतं, ते मला फार आवडतं. कंट्रोलर 'उडी मार' वगैरे काही सांगत नाही. तो सेकंदाला शेकडो वेळा आकड्यांची एक छोटी पट्टी पाठवतो. तिच्यात प्रत्येक बटणासाठी एक बिट असतो, दाबलं तर १ आणि सोडलं तर ०. चार दिशांची बटणं मात्र मिळून एकच आकडा देतात: वर म्हणजे ०, तिथून घड्याळाच्या दिशेने ७ पर्यंत, आणि काहीच दाबलं नसेल तर ८. आता डाव्या तर्जनीखालच्या L1 बटणाला उजवीकडच्या फुलीच्या बटणाचं काम दिलं आणि L1 दाबला, तर त्या पट्टीतले दोन बाइट तत्त्वतः असे बदलतात:

```
कंट्रोलरकडून : 08 01
गेमकडे      : 28 00
```

पहिल्या बाइटमधला ८ म्हणजे दिशा नाही. दुसऱ्यातला १ म्हणजे L1. सिस्टिमने तो १ पुसला आणि पहिल्या बाइटमध्ये फुलीचा बिट (20) चढवला. गेमला या अदलाबदलीचा पत्ताच नसतो, त्याच्या लेखी फुलीच दाबली गेली. म्हणूनच ही युक्ती कोणत्याही गेममध्ये चालते, आणि म्हणूनच पडद्यावर सूचना मात्र जुन्याच बटणाची येते. भावाने L1 वर फुलीचं स्टिकर चिकटवलंय.

'मॅपिंग बदललं की कंट्रोलर स्लो होतो' असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. सेकंदाला साठ फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. दोन बिट इकडचे तिकडे करायला प्रोसेसरला त्याचा हजारावा हिस्साही लागत नाही.

खरी अडचण अंगठ्याची आहे. भाऊ रॉकेट लीग खेळतो, म्हणजे गाड्यांनी फुटबॉल. त्यात गाडी डाव्या स्टिकने वळते, R2 ने पळते, L2 ने ब्रेक आणि रिव्हर्स, फुलीने उडी, गोलाने बूस्ट, चौकोनाने स्किड, त्रिकोणाने कॅमेरा बॉलवर. बॉलवर नजर ठेवणारा कॅमेरा असल्याने उजव्या स्टिकवाचून निभतं, हे मोठंच सुख. डाव्या हाताला सात बटणं पोचतात, पण अंगठा स्टिकवर असताना फक्त तीन: तर्जनीखाली L1, मधल्या बोटाखाली L2, आणि स्टिकच आत दाबली की L3. दिशांच्या बटणांसाठी अंगठा उचलावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ गाडी सरळ जाणार.

R2 चं काम L2 वर दिलं. दोन्ही ट्रिगर असल्याने हलका-जोरात हा फरक टिकतो. तेच काम दिशेच्या बटणाला दिलं असतं, तर गाडी एकतर थांबली असती नाहीतर फुल स्पीडने सुटली असती. बूस्ट L1 वर, उडी L3 वर. पहिल्याच मॅचमध्ये गाडी भलत्या वेळी टुणटुण उडायला लागली. ट्रेनिंगमध्ये नुसत्या गोल चकरा मारायला लावल्या, तरी जोरात वळताना उडी बसायची, म्हणजे अंगठा नकळत स्टिक आत दाबत होता. मग उडी L1 वर आणि बूस्ट L3 वर नेला. नकळत थोडा बूस्ट वाया गेला तरी चालतं, नकळत मारलेली उडी गोल खायला लावते. ब्रेक दिशेच्या खालच्या बटणावर, कॅमेरा वरच्यावर.

बदली करताना एक पथ्य पाळा: L1 ला फुली दिली की फुलीला L1 द्या, नाहीतर एखादं काम कुठल्याच बटणावर उरत नाही. शिवाय हे मॅपिंग मेनूलाही लागू होतं, त्यामुळे भावाचा 'ओके' आता L1 वर आहे. घरातल्या इतरांनी त्याचा कंट्रोलर उचलला की हमखास गोंधळ.

स्किड मात्र राहिलीच. ती वळता वळताच दाबावी लागते आणि तिच्यासाठी बोट शिल्लक नाही. 'एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद' असं केलं तर जमेल, पण त्यासाठी आधी काय दाबलं होतं ते लक्षात ठेवावं लागतं, आणि अदलाबदलीच्या या तक्त्याला स्मरणशक्ती नाही. आत्ताची पट्टी आली, बिट बदलले, पुढे पाठवली, विषय संपला. पीएस५ला २०२३च्या सप्टेंबरपासून दुसरा कंट्रोलर मदतनीस म्हणून जोडता येतो, तो पायाखाली ठेवून स्किड दाबता येईल. भावाकडे पीएस४च आहे, त्यामुळे तो अजून वळणं लांबून घेतो.