उघडलेली वाईन, बाटलीतली हवा आणि ग्लासचा रेट

गोव्यात मांद्र्याला माझ्या मावसभावाचं छोटं रेस्टॉरंट आहे, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. सीझनला म्हणजे ऑक्टोबर ते मार्च तिथे वाईन उघडली की संपतेच, प्रश्न येतो पावसाळ्यात. जुलैमध्ये गेलो तेव्हा बारच्या मागे सहा बाटल्या उघड्या, म्हणजे बुचं परत लावलेली पण प्रत्येकात अर्धी-पाऊण वाईन, त्यातल्या तीन रेड बाहेरच शेल्फवर ठेवलेल्या, कारण रेड फ्रीजमध्ये ठेवायची नसते असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. दादा म्हणाला, "अरे, ग्लासने वाईन विकण्यात काही उरत नाही, अर्धी सिंकमध्येच जाते." मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो.

आधी वाईन खराब का होते ते बघू. वाईनमध्ये ऑक्सिजन शिरला की तिच्यातली फिनॉल नावाची संयुगं त्याच्याशी रिअ‍ॅक्ट होतात, वाईनमध्ये अगदी किंचित असलेलं लोह आणि तांबं या कामाला वेग देतात, आणि त्यातून जे तयार होतं ते पुढे अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतो ना, तो याचाच. कंपनी बाटली भरताना थोडा सल्फर डायऑक्साइड घालते तो याच कामासाठी, तो आधी स्वतः खर्च होतो आणि वाईनला वाचवतो.

आता हिशोब करा. अर्धी भरलेली बाटली म्हणजे 375 मिली वाईन आणि तिच्यावर साधारण 375 मिली हवा. हवेत 21 टक्के ऑक्सिजन, म्हणजे त्या मोकळ्या जागेत जवळजवळ 100 मिलिग्रॅम ऑक्सिजन बसलाय. व्हाईट वाईनमध्ये कामाचा, म्हणजे मोकळा सल्फर डायऑक्साइड लिटरला समजा 27 मिलिग्रॅम धरला तर अर्ध्या बाटलीत तो जेमतेम 10 मिलिग्रॅम भरतो. आणि 1 मिलिग्रॅम ऑक्सिजन सुमारे 4 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड खाऊ शकतो. म्हणजे अडीच मिलिग्रॅम ऑक्सिजननेच संरक्षण संपतं आणि वर बसलाय त्याच्या चाळीसपट. हा सगळा ऑक्सिजन लगेच आत उतरत नाही, हळूहळू विरघळतो, म्हणून तर वाईन दोन-तीन दिवस टिकते. पण बूच कितीही घट्ट लावलं तरी हवा आतच राहते, हे दादाच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्याच्याकडे हवा ओढून घेणारा हातपंप होता. तो वाईट नाही, पण समजा चार भागांतले तीन भाग हवा काढली तरी 25 मिलिग्रॅम ऑक्सिजन उरतोच, अजूनही गरजेच्या दसपट, आणि रबरी बूच रात्रभरात थोडी हवा परत आत घेतं ते वेगळंच. बाटलीत हवेच्या जागी आर्गॉन गॅस भरणारी यंत्रं छान काम करतात, महाग बाटली असेल तर जरूर घ्या, पण 900 रुपयांच्या बाटलीसाठी मला ते पटत नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे 375 मिलीची रिकामी बाटली, स्क्रू झाकणाची, गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेली. नवीन बाटली उघडली की पहिला ग्लास ओतायच्या आधीच निम्मी वाईन त्या छोट्या बाटलीत ओतायची, अगदी गळ्यापर्यंत, बाटली तिरकी धरून हळू, बुडबुडे न करता, आणि झाकण लावून फ्रीजमध्ये. वर 3 मिली हवा राहिली तर तिच्यात 1 मिलिग्रॅमपेक्षाही कमी ऑक्सिजन असतो. ओतताना थोडा ऑक्सिजन मिसळतोच, त्यामुळे हा उपाय म्हणजे कायमचं सील नव्हे, पण 100 कुठे आणि हे कुठे. दोन दिवस विकून उरलेली अर्धी बाटली मग छोट्या बाटलीत ओतायची असं करू नका, तोपर्यंत ऑक्सिजन आत गेलेला असतो.

फ्रीजचं म्हणाल तर रेडसुद्धा आतच ठेवायची, उभी, दारात नाही तर आतल्या कप्प्यात. गोव्यात बारमागे 30 डिग्री असतंच. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान 10 डिग्रीने उतरलं की रिअ‍ॅक्शन साधारण निम्मी मंदावते, म्हणजे 30 वरून 5 वर आणलं की वेग पाच-सहापट कमी. थंड वाईनमध्ये ऑक्सिजन जास्त विरघळतो हे खरं, पण मंदावण्याचा फायदा त्याहून मोठा आहे. रेड द्यायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढली की पुरे.

आता पैसे. दादा 125 मिलीचा ग्लास देतो, म्हणजे बाटलीचे सहा, आणि छोट्या बाटलीत बरोबर तीन बसतात. बाटली समजा 900 ला पडते, तर ग्लास 150 ला पडला, तो विकतो 450 ला, म्हणजे एक तृतीयांश खर्च, ठीक. पण पावसाळ्यात दिवसाला सगळे मिळून आठ ग्लास जातात आणि वाईन सहा प्रकारच्या, म्हणजे एका प्रकारचा दिवसाला सव्वा ग्लास धरा, थोडा जास्त. बाटली संपायला साडेचार दिवस लागतात, फ्रीजमधली उघडी व्हाईट नीट टिकते तीन दिवस. चार ग्लास विकले, दोन टाकले. म्हणजे विकलेला प्रत्येक ग्लास 225 ला पडला, खर्च थेट निम्मा.

दादा म्हणाला, "म्हणजे दोन ग्लासचे 900 बुडाले." तसं नाही. ते दोन ग्लास घ्यायला गिऱ्हाईकच नव्हतं, चाराचे सहा झाले नसते, त्यामुळे बुडाले ते खरेदीचे 300. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण 900 समजलं की माणूस घाबरून रेट वाढवतो. खर्च परत एक तृतीयांशावर आणायला ग्लास 675 ला विकावा लागेल, आणि मग तोच माणूस बियर मागवतो, वाईन आणखी हळू जाते, आणखी टाकावी लागते.

रेट तसाच ठेवला आणि ग्लासच्या यादीत सहाऐवजी तीनच वाईन ठेवल्या. एक व्हाईट, एक रेड, एक रोझे. दिवसाला तेच आठ ग्लास, पण आता प्रत्येकीचे पावणेतीनच्या आसपास, म्हणजे बाटली सव्वा दोन दिवसांत संपते, आणि दुसरी निम्मी तर उघडल्या दिवसापासून हवेपासून लांब असते. बाकीच्या तीन बाटलीनेच मिळतात. एखादं गिऱ्हाईक नाराज होईल हे मान्य, पण आधी त्याला तिसऱ्या दिवसाची उतरलेली वाईन मिळत होती.

ओतण्याचंही बघा. हाताच्या अंदाजाने 125 चे 140 होतात आणि सहाव्या ग्लासला वाईन पुरत नाही. मेजर वापरायला वेटरला लाज वाटत होती, मग 125 मिली पाणी ओतून एका ग्लासवर पातळी बघितली, तेवढी खूण डोक्यात बसवली.

प्रत्येक बाटलीच्या गळ्यावर टेपने तारीख आणि वेळ लिहायची, छोटीवर पहिल्यांदा झाकण उघडल्याची वेळ वेगळी. आणि वास घेताना थंडगार घेऊ नका, थंडीत दोष लपतो. दोन घोट ग्लासात घेऊन हाताने जरा कोमट करा. फळाचा वास पहिल्यांदा जातो, तिथेच ती विकायची थांबवा. सफरचंद, सुकामेवा असा वास आला किंवा व्हाईटचा रंग गडद पिवळा-तपकिरी झाला तर उशीर झालाय. व्हिनेगरचा तिखट वास आला तर जीवाणूंनी काम केलंय, ती टाका.

फक्त फळाचा वास उतरलेली, बाकी स्वच्छ असलेली व्हाईट दादा आता रात्रीच किचनमध्ये देतो, शिनाण्या म्हणजे शिंपल्या वाफवायला.