आतडं थांबवणारी गोळी

"एक गोळी घेतली आणि दोन-तीन तासांत जुलाब थांबले, म्हणजे पोट बरं झालं." या वाक्याचा पहिला भाग बहुतेक वेळा खरा असतो. दुसरा मात्र त्यातून निघत नाही, आणि तो निघतो असं समजण्यातच धोका आहे. लोपेरामाइड नावाचं हे औषध जंतू मारत नाही, विष शोषून घेत नाही, आतड्याला आलेली सूजही उतरवत नाही. ते आतड्याची चाल मंदावतं, आणि त्याचा मुख्य गुण तोच आहे.

ही चाल कशी चालते ते आधी पाहू, कारण मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच वाटते. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये चेतापेशींचं एक जाळं पसरलेलं असतं. अन्नाचा गोळा आला की त्याच्या मागचा स्नायू आवळतो, पुढचा सैलावतो आणि गोळा पुढे सरकतो. मेंदूचा हुकूम न येताही हे जाळं ही लाट चालवू शकतं. 'आवळ' हा निरोप अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनातून जातो. याच चेतापेशींवर 'म्यू' नावाचे रिसेप्टर असतात, म्हणजे मॉर्फिन ज्यांना चिकटतं तेच. लोपेरामाइड त्यांना चिकटलं की अ‍ॅसिटिलकोलीन कमी सुटतं आणि पुढे ढकलणारी लाट मंदावते. गुदद्वाराचा स्नायूही जरा घट्ट होतो, त्यामुळे धावत जाण्याची वेळ कमी येते.

पण चाल मंदावल्याने शौच घट्ट का होतं? लहान आतड्यात दिवसाला सुमारे नऊ लिटर द्रव येतो. त्यातला दोनेक लिटर आपण खाल्लेला-प्यायलेला असतो. बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव. यातला शौचावाटे बाहेर जातो तो जेमतेम दीडशे मिलिलिटर, उरलेला सगळा पुन्हा रक्तात शोषला जातो. शोषणाला वेळ लागतो आणि जुलाबात नेमका तोच मिळत नाही. औषध तो वेळ मिळवून देतं.

मॉर्फिनचा भाऊबंद असूनही या गोळीची नशा का चढत नाही? पोटात गेलेल्या औषधाचा बहुतांश भाग यकृतातच मोडला जातो. उरलेला मेंदूच्या रक्तवाहिन्यांपाशी पोचला की तिथला पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप त्याला परत बाहेर टाकतो. बेल्जियममधल्या यान्सेन प्रयोगशाळेत 1969 साली तयार झालेल्या या रेणूची खुबी हीच. नशेसाठी मूठभर गोळ्या खाणाऱ्यांच्या हृदयाची लय बिघडून मृत्यू झाले आहेत, हेही इथेच सांगायला हवं.

आता एक उदाहरण घेऊ. पस्तिशीतल्या एका निरोगी माणसाला संध्याकाळपासून पाण्यासारखे जुलाब होताहेत. सकाळपर्यंत सहा झाले. ताप नाही, रक्त नाही, प्रत्येक वेळी भरपूर पातळ पाणी जातंय. अशा जुलाबाचं मूळ बहुधा लहान आतड्यात असतं आणि कारण एखादा विषाणू किंवा जंतूचं विष. इथे लोपेरामाइड घेता येतं. आधी 2 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक. डॉक्टरांना न विचारता दिवसाला 8 मिलिग्रॅमच्या, म्हणजे चार गोळ्यांच्या पुढे जायचं नाही, आणि दोन दिवसांत उतार पडला नाही तर औषध थांबवायचं. सोबत मीठ-साखरेचं ओआरएस हवंच. 'घाण निघून जाऊ द्यावी, जुलाब अडवूच नयेत' हा समज अशा वेळी निराधार आहे. आतड्यात शुद्धीकरणाची वाट बघत बसलेली कुठली 'घाण' नसते, आणि नुसत्या पाणचट जुलाबात औषध घेतलेल्या धडधाकट प्रौढांचा आजार त्यामुळे लांबतो असं दिसलेलं नाही.

मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी याच माणसाला 39 अंश ताप चढतो. पोटात मुरडा येतो, सारखं जावंसं वाटतं, कुंथावं लागतं, आणि पडतं ते थोडंसं, शेंबडासारख्या आवेचं, रक्ताची रेघ असलेलं. आता आजार मोठ्या आतड्यात आहे आणि बहुधा जंतू भिंतीत शिरलेत. शिगेला ही जंतूंची जात अशीच वागते. पहिल्या दिवशी पाणचट जुलाब, मग रक्ती आव. म्हणून पहिल्या दिवशी बरोबर असलेला निर्णय दुसऱ्या दिवशी चुकीचा ठरू शकतो आणि प्रत्येक वेळी शौचाकडे पाहावं लागतं, कितीही किळस आली तरी. गोळी आत्ता बंद केली तरी काम लगेच संपत नाही. शरीरातलं औषध निम्मं व्हायला अकराएक तास लागतात.

शिगेलाला स्थिर आतडं का मानवतं? आतड्याची लाट ही जंतूंना भिंतीवर टिकू न देणारी पहिली झाडलोट आहे. ती थांबली की जंतू आणि त्यांचं विष भिंतीशी जास्त वेळ राहतं. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वयंसेवकांना मुद्दाम शिगेलाचा संसर्ग देण्यात आला होता. त्यातल्या ज्यांना डायफेनॉक्सिलेट हे याच जातीचं औषध दिलं, त्यांचा ताप जास्त दिवस टिकला. पुढे 1993 साली थायलंडमधल्या प्रौढ रुग्णांत योग्य अँटिबायोटिकसोबत लोपेरामाइड दिल्यावर असं नुकसान दिसलं नाही, उलट जुलाब लवकर थांबले. पण जंतू कोणता आणि त्याला कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल, हे घरी बसून कळत नाही. रक्त दिसलं की स्वतःहून गोळी घेऊ नये, ती डॉक्टरांवर सोडावी.

ताप नाही म्हणून निर्धास्त होण्यात आणखी एक फसगत आहे. शिगा विष बनवणारा ई. कोलाय जंतू बरेचदा ताप न आणताच रक्ताचे जुलाब लावतो. हे विष रक्तात गेलं तर काही रुग्णांची, विशेषतः लहान मुलांची, आजाराच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मूत्रपिंडं बंद पडतात. अशा रुग्णाचं आतडं अडवणं म्हणजे विष आत कोंडून ठेवणं. अँटिबायोटिक्सच्या कोर्सनंतर सुरू झालेल्या जुलाबातही, मोठ्या आतड्याला सूज आणणारा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसील हा जंतू नाही हे कळेपर्यंत, गोळी टाळावी. अशा सुजलेल्या मोठ्या आतड्याची हालचाल थांबली तर ते फुग्यासारखं फुगतं. जुलाब अचानक कमी झाले पण पोट टम्म फुगलं, वारा सरेना, वांत्या सुरू झाल्या, तर ते बरं होणं नव्हे. थेट रुग्णालय गाठावं.

लहान मुलांना हे औषध घरच्या घरी कधीच देऊ नये. तान्ह्यांसाठी कधी काळी याचे थेंब मिळत. पाकिस्तानात ते दिलेल्या काही बाळांच्या आतड्याची हालचालच बंद पडली आणि त्यातली काही दगावली. 1990 साली हे थेंब मागे घेण्यात आले.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. आतड्याची भिंत पाणी सोडतच राहिली आणि चाल मात्र थांबली, तर ते पाणी आतड्याच्या पोकळीत साचतं. लंगोट कोरडा दिसतो, आईला हायसं वाटतं, पण रक्तातलं पाणी घटतच असतं. म्हणून जुलाबाच्या खेपा मोजण्यापेक्षा मूल शेवटचं लघवीला कधी गेलं, रडताना डोळ्यांत पाणी येतंय का, तोंड कोरडं पडलंय का आणि ते सुस्तावलंय का, हे पाहावं.