दोन उपक्रमिकांनी अपसारिता सिद्ध करताना: वही तपासणीस देण्यापूर्वी वाचावे

आमच्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या बी.एस्सी.च्या वह्यांत एका प्रश्नाची उत्तरे वारंवार परत जातात, म्हणून हे पत्रक. अभिसारी क्रमिकेची प्रत्येक उपक्रमिका त्याच सीमेकडे जाते, त्यामुळे दोन उपक्रमिकांच्या सीमा वेगळ्या निघाल्या की मूळ क्रमिका अपसारी ठरते, हे आपणांस ठाऊक आहेच.

(-1)ⁿ·n/(n+1) येथे सम आणि विषम n घेतल्यास सीमा 1 आणि -1 मिळतात व काम संपते. मात्र सम-विषमाची सवय सर्वत्र उपयोगी पडत नाही. cos(nπ/2) मध्ये सम पदे -1, 1, -1, 1 अशी जात असल्याने त्यांना स्वतःचीच सीमा नाही; तेथे n = 4k आणि n = 4k+2 घ्यावे, म्हणजे सीमा 1 आणि -1 येतात. √n चा अपूर्णांकी भाग ही क्रमिका असेल, तर n = k² घेतल्यास प्रत्येक पद 0 येते आणि n = k²+2k घेतल्यास पद √(k²+2k) - k होते, ज्याची सीमा 1 आहे.

सर्वाधिक वेळ जातो तो sin √n या उदाहरणात. बहुतेक विद्यार्थी n = (2πk)² असे लिहून सीमा 0 आणि n = (2πk+π/2)² असे लिहून सीमा 1 काढतात; परंतु या संख्या पूर्णांक नाहीत, त्यामुळे त्या क्रमांकाचे पदच क्रमिकेत नसते. सुधारणा छोटी आहे: m हा (2πk)² चा पूर्णांकी भाग घ्यावा. मग

2πk - √m = ((2πk)² - m)/(2πk + √m) < 1/(2πk),

आणि |sin a - sin b| ≤ |a - b| असल्यामुळे sin √m ची सीमा 0 येते. दुसऱ्या निवडीतही हाच पूर्णांकी भाग घेतल्यास सीमा 1 मिळते. लागोपाठच्या k साठी हे वर्ग 1 पेक्षा अधिक अंतरावर असल्याने त्यांचे पूर्णांकी भाग काटेकोरपणे वाढतात, हेही एका ओळीत नोंदवावे.

क्रमांक न सांगता केवळ "पदे वरखाली होतात" असे लिहिलेल्या उत्तरास आम्ही पूर्ण गुण देत नाही, आणि काही पालकांना हे कठोर वाटते. परंतु (-1)ⁿ/n ची पदेही वरखाली होतात, तरी ती अभिसारी आहे. सिद्धतेचे सारे वजन क्रमांकांच्या निवडीवरच आहे. क्रमांक पहिल्याच ओळीत लिहिलेली वही आमच्याकडून लवकर परत मिळते, आणि अशा निवडींवर समासात सविस्तर टिपण देणे हा आमच्या नेहमीच्या तपासणीचाच भाग आहे.

n² सारख्या अमर्याद क्रमिकेसाठी मात्र उपक्रमिका शोधत बसू नये; तिची कोणतीही उपक्रमिका सांत सीमेकडे जात नाही, आणि अभिसारी क्रमिका मर्यादित असते एवढे लिहिणे तेथे पुरते.