विमानप्रवासातील पॉवर बँक व सुटे लिथियम सेल

पॉवर बँक आणि कोणत्याही उपकरणात न बसवलेले सुटे लिथियम सेल विमानप्रवासात केबिन सामानातूनच न्यावेत, चेक-इन सामानात ठेवू नयेत, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (आयकाओ) धोकादायक मालविषयक तांत्रिक सूचनांतील नियम आहे. पॉवर बँक दिसायला उपकरणासारखी असली तरी दुसऱ्या उपकरणाला वीज पुरवणे एवढेच तिचे काम असते, म्हणून नियमांत तिची गणना सुट्या बॅटरीतच होते.

केबिनमध्ये ठेवल्याने सेल पेटण्याचा संभव कमी होत नाही. फरक पडतो तो पेटल्यानंतर. लिथियम-आयन सेलमधील दोन विद्युतअग्रांच्या मध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. सेल चेपला गेला, त्याच्या घडणीतच दोष राहिला किंवा त्याच्या टोकांना किल्लीसारखी धातूची वस्तू लागून शॉर्ट सर्किट झाले, तर सेल तापतो आणि हा पडदा निकामी होतो. त्यानंतर आतल्या रासायनिक क्रियांतून उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने क्रिया आणखी वेगाने होतात आणि सेलमधून ज्वलनशील वायू फुसांडत बाहेर पडतात. एक सेल असा बिघडला की त्याला चिकटून बसवलेले शेजारचे सेलही तापून एकामागून एक पेटू लागतात.

प्रवासी विमानांच्या मालकक्षात आग विझवण्यासाठी सामान्यतः हॅलॉन १३०१ हा वायू सोडण्याची सोय असते. ज्वाळेतील रासायनिक साखळी तोडून तो कपडे, कागद, पुठ्ठा यांची आग दाबून ठेवतो. परंतु तापलेल्या सेलला तो थंड करू शकत नाही. सेलमधील उष्णता आतूनच निर्माण होत असल्याने ज्वाळा दबली तरी पुढचा सेल पेटायचा थांबत नाही. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने केलेल्या चाचण्यांत लॅपटॉपच्या बॅटरीशेजारी फवाऱ्याचा डबा ठेवून बॅग बंद केली आणि बॅटरी मुद्दाम तापवली, तेव्हा तो डबा फुटून स्फोट झाला. अशा स्फोटाने मालकक्षाच्या भिंतींचे अस्तर निखळले, तर हॅलॉन निसटून जातो आणि एकूण आगीवरचेच नियंत्रण सुटू शकते. एखाद्याच्या बॅगेत शेजारी काय ठेवले आहे हे कोणालाच ठाऊक नसते, हा या नियमामागचा सर्वांत वजनदार मुद्दा म्हणावा लागेल.

केबिनमध्ये मात्र धूर लगेच दिसतो, वास येतो आणि माणसाचा हात तिथे पोचतो. कर्मचारी आधी हातातील अग्निशामकाने ज्वाळा विझवतात आणि मग पाणी किंवा मद्यरहित पेय भरपूर ओतून सेल थंड करतात. यांतील दुसरी पायरीच खरी निर्णायक असते. बर्फ वापरत नाहीत, कारण त्याच्या आवरणाखाली उष्णता कोंडून राहते.

किती क्षमतेपर्यंतची बॅटरी नेता येते, हे वॅट-तासांवर ठरते. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॅट-तासांच्या जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीने नेता येतात. त्यापुढच्या नेता येत नाहीत. पॉवर बँकेवर बहुधा मिलिअँपिअर-तास ठळक छापलेले असतात. त्यांना १००० ने भागून सेलच्या व्होल्टेजने, म्हणजे सहसा ३.७ ने, गुणावे. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक अशा हिशेबाने ७४ वॅट-तासांची ठरते, तर ३०,००० ची १११ वॅट-तासांची होते आणि तिला संमती लागते. यूएसबीचे ५ व्होल्ट धरून गुणाकार केला, तर तीच २०,००० ची पॉवर बँक १०० वॅट-तासांची वाटते. हा हिशेब चुकीचा आहे, कारण छापलेली क्षमता आतल्या सेलची असते. आकडे पुसट झाले असतील, तर तपासणीत ती अडवली जाऊ शकते. सुट्या सेलची टोके मूळ वेष्टनाने, चिकटपट्टीने किंवा प्रत्येकाला वेगळी पिशवी देऊन झाकावी लागतात.

नियम नकळत मोडला जातो तो बहुधा विमानाच्या दाराशी. वरचे कप्पे भरले की कर्मचारी हातातली बॅग घेऊन मालकक्षात पाठवतात आणि तिच्यातली पॉवर बँकही तिच्यासोबत खाली जाते. बॅग देण्यापूर्वी ती काढून जवळ ठेवणे बंधनकारक आहे.

केबिनमध्येही जागेचा प्रश्न उरतोच. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे एअरबस ए३२१ विमान उड्डाणाच्या तयारीत असताना आसनांवरच्या कप्प्यात आग लागली. विमानातील सर्व १७६ जण बाहेर पडू शकले, पण विमानाचे छत जळून गेले. पॉवर बँकेच्या बॅटरीतील विद्युतरोधन निकामी होऊन आग लागली असावी, असे प्राथमिक तपासात आढळले. बंद कप्प्यातली आग उशिरा लक्षात येते आणि तिच्यापर्यंत पोचणेही अवघड जाते. म्हणून दक्षिण कोरियाने १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली आणि ती प्रवाशाने अंगावर किंवा आसनासमोरच्या खिशात ठेवावी, असे ठरवले. त्यानंतर इतर काही विमान कंपन्यांनीही पॉवर बँक प्रवासात वापरण्यावर किंवा कप्प्यात ठेवण्यावर बंधने आणली.