पेन्शन अडकली? माहिती अधिकारात "का" विचारू नका, फाईल कुठे आहे ते विचारा

रिटायर होऊन सात-आठ महिने झाले, पेन्शन सुरू नाही, ग्रॅच्युइटी नाही, ऑफिसात गेलं की "वर पाठवलंय" आणि वर फोन केला की "खालून आलंच नाही". अशा वेळी कोणीतरी सल्ला देतं की आरटीआय टाका, आणि मग काका लोक दोन पानी अर्ज लिहितात, 33 वर्षं इमानेइतबारे नोकरी केली तरी माझी पेन्शन अजून का मिळाली नाही, याला जबाबदार कोण, त्यांच्यावर काय कारवाई करणार वगैरे. त्यावर 29 व्या दिवशी एका ओळीचं उत्तर येतं: "आपला अर्ज प्रश्नार्थक स्वरूपाचा असल्याने माहिती देता येत नाही."

राग येतो, पण उत्तर अगदीच हवेतलं नसतं. माहिती अधिकार अधिनियम 2005 मध्ये कलम 2(च) नुसार माहिती म्हणजे रेकॉर्डवर जे कागद, नोंदी, टिपण्या, पत्रं आहेत ते. अधिकाऱ्याने तुमच्यासाठी नवीन खुलासा लिहून द्यावा अशी अपेक्षा नाही. मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये एका केसमध्ये स्पष्टच सांगितलं की "का" या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे, आणि तेव्हापासून हा निकाल ऑफिसं हमखास दाखवतात. म्हणून "का" हा शब्द अर्जातून काढायचा आणि ज्या कागदात त्या "का"चं उत्तर आहे तोच कागद मागायचा.

तो कागद कुठे असतो हे कळायला फाईलचा रस्ता माहीत हवा. मी इथे राज्य सरकारच्या जुन्या पेन्शनवाल्यांचं सांगतोय, म्हणजे 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेले (जिल्हा परिषद, महापालिका, एनपीएसवाले यांचा रस्ता वेगळा). नियमाने पेन्शनचे कागद रिटायरमेंटच्या सहा महिने आधी महालेखापालांकडे जायला हवेत. त्याआधी सर्व्हिस बुक वेतन पडताळणी पथकाकडे जातं, तिथे वेतन आयोगाच्या वेळची वेतननिश्चिती तपासतात, शिक्का मारतात नाहीतर आक्षेप काढून परत पाठवतात. मग ऑफिस पेन्शन केस महालेखापालांकडे पाठवतं, मुंबई, कोकण, पुणे, नाशिक विभागाचं मुंबईला आणि विदर्भ-मराठवाड्याचं नागपूरला. तिथून पीपीओ म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश निघतो आणि कोषागारात येतो.

फाईल जास्त करून यातल्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे आपल्याच जुन्या ऑफिसात झोपलेली असते. पथकाने आक्षेप काढलेला असतो, उदा. एमएस-सीआयटी मुदतीत पास नसताना वेतनवाढी दिल्या, किंवा आश्वासित प्रगती योजनेचा आदेशच चिकटवलेला नाही, किंवा सर्व्हिस बुकात खाडाखोड आहे आणि त्यावर सही नाही. आस्थापनेच्या टेबलावर ते आक्षेपपत्र पडून राहतं, क्लार्कची बदली होते आणि नवीन माणसाला पत्ताच नसतो. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे विभागीय चौकशी. ती चालू असेल तर नियमानेच तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळतं आणि ग्रॅच्युइटी थांबते, त्यामुळे ऑफिसने ना-चौकशी प्रमाणपत्र दिलंय का हे आधी बघून घ्या.

आता अर्ज कोणी करायचा. कायद्याने कोणीही भारतीय नागरिक करू शकतो, अर्ज करण्याचं कारण सांगायची गरज नाही. पण मुलाने स्वतःच्या नावाने वडिलांचं सर्व्हिस बुक मागितलं तर "त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती" म्हणून नाकारतात, त्याला सुप्रीम कोर्टाचा 2012 चा एक निकालही आहे. म्हणून टाईप मुलाने करावं, सही मात्र वडिलांचीच. बाकी कागद फार लागत नाहीत. जोडपत्र अ मधला अर्ज, त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालचे असाल तर फी माफ पण दाखला जोडा. आधार जोडणं कायद्याने बंधनकारक नाही, पण सर्व्हिस बुक मागताय तर सेवानिवृत्तीच्या आदेशाची झेरॉक्स लावून टाका, म्हणजे "आपण कोण" हे पत्र यायचा रस्ता बंद.

महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत असावा लागतो, त्यामुळे पेन्शन, रजा रोखीकरण, गटविमा, सगळं एकाच कागदावर कोंबू नका. समजा एक काका पुणे विभागातल्या एका तालुका कार्यालयातून 31 मे 2024 ला वरिष्ठ लिपिक म्हणून रिटायर झाले आणि फेब्रुवारी 2025 पर्यंत काही नाही. त्यांचा अर्ज साधारण असा:

माहितीचा विषय: माझ्या निवृत्तिवेतन प्रकरणाची सद्यस्थिती
कालावधी: 1 जून 2023 ते अर्ज निकाली निघेपर्यंत
आवश्यक माहिती:
1. माझ्या निवृत्तिवेतन प्रकरणाच्या नस्तीतील सर्व टिपण्या व पत्रव्यवहाराच्या प्रती.
2. माझे सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे पाठवल्याचे व परत आल्याचे जावक-आवक क्रमांक, दिनांक, तसेच पथकाच्या आक्षेपपत्राची प्रत.
3. त्या आक्षेपांच्या पूर्ततेसाठी केलेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती.
4. प्रकरण महालेखापाल कार्यालयास सादर केल्याच्या पत्राची प्रत. सादर केले नसल्यास तसे नमूद करावे.
5. 31 मे 2024 पासून आजपर्यंत हे प्रकरण ज्यांच्याकडे होते त्या कर्मचारी व अधिकाऱ्यांची पदनामे व कालावधी, अभिलेखानुसार.
6. या नस्तीचे निरीक्षण करू द्यावे.

यात "का" कुठेच नाही, तरी सगळं येतं. पाचवा मुद्दा नीट बघा, "जबाबदार कोण" असं न विचारता टेबलं आणि तारखा मागितल्यात, आणि "अभिलेखानुसार" लिहिलंय म्हणून नवीन माहिती तयार करायला सांगताय असं म्हणता येत नाही. सहावा मुद्दा लोक विसरतात. फाईल समोर ठेवून बघता येते, पहिला तास फुकट, आणि बऱ्याचदा तुम्ही फाईल बघायला येणार कळलं की ती आदल्या दिवशीच हलते (हे मी गमतीने म्हणत नाहीये).

अर्ज ऑफिसच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे हाताने देऊन पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा. rtionline.maharashtra.gov.in वर ऑनलाईनही होतो, पण तालुका पातळीचं तुमचं ऑफिस त्या यादीत आहे का ते आधी बघा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. कागदांसाठी पानामागे 2 रुपये मागतील, ते पत्र आलं की पैसे लगेच भरा, कारण पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या 30 मध्ये मोजत नाहीत. अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तर त्यांनी 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, कलम 6(3).

एक मोठी गोची इथे होते. ऑफिसने सांगितलं की केस महालेखापालांकडे गेलीय, तर पुढचा अर्ज तिकडे करायचा, पण ते केंद्राचं ऑफिस आहे, तिथे केंद्राचे नियम चालतात. कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज परत येऊ शकतो, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. शब्दमर्यादा तिथे 500 आहे, आणि पुढे भांडण गेलंच तर राज्य आयोगाकडे नाही, दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं.

आपल्या काकांचं उत्तर समजा असं आलं: सर्व्हिस बुक पथकाकडे पाठवलं 18 ऑक्टोबर 2024 ला, आक्षेप लावून परत मिळालं 3 डिसेंबरला, त्यानंतर "माहिती निरंक". आता या दोन ओळी नीट वाचा. सहा महिने आधी महालेखापालांकडे जायची केस, तिचं सर्व्हिस बुकच रिटायर झाल्यावर साडेचार महिन्यांनी हललं, आणि डिसेंबरपासून कोणी हात लावलेला नाही. हे तोंडी बोलणं राहिलं नाही, ऑफिसने सही-शिक्क्यानिशी दिलंय. आता आरटीआय बाजूला ठेवा आणि कार्यालयप्रमुखांना साधं पत्र द्या, सोबत हे उत्तर जोडा, आक्षेपांची पूर्तता आणि तोवर तात्पुरतं निवृत्तिवेतन मागा. त्याच पत्रात व्याजही मागा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1982 मध्ये 129-अ आणि 129-ब आहेत, प्रशासनाच्या चुकीने उशीर झाल्याचं सिद्ध झालं तर ग्रॅच्युइटीवर तीन महिन्यांनंतर आणि पेन्शनवर सहा महिन्यांनंतर व्याज मिळू शकतं. ते सिद्ध कशाने होणार, तर याच तारखांनी. तारीख नसेल तर व्याजाचा अर्ज पडून राहतो.

उत्तरच आलं नाही किंवा टोलवाटोलवी झाली तर 30 दिवसांच्या आत जोडपत्र ब मध्ये पहिलं अपील, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. (महालेखापालांकडे पहिल्या अपिलाला फी नाही.) अपिलात भाषण नको, कोणत्या क्रमांकाच्या मुद्द्याची माहिती मिळाली नाही एवढंच लिहा. मुदतीत उत्तर न आल्यामुळे कलम 7(6) खाली प्रती मोफत मागा, ही ओळ घालायला विसरू नका. 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाही झाला किंवा पटला नाही तर 90 दिवसांत जोडपत्र क मध्ये दुसरं अपील, काकांच्या बाबतीत राज्य माहिती आयोगाचं पुणे खंडपीठ. आयोग दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 दंड करू शकतो, पण तो दंड माहिती वेळेत न दिल्याचा असतो, पेन्शन अडकवल्याचा नाही, आणि तो तुम्हाला मिळत नाही.

आयोग पेन्शन मंजूर करा असा आदेशही देत नाही. त्यामुळे दुसऱ्या अपिलाच्या नंबरची वाट बघत बसू नका. तात्पुरतं निवृत्तिवेतन आणि व्याजाचं पत्र त्याच आठवड्यात देऊन टाका, आवक शिक्क्याची प्रत घ्या, आणि महिन्याभरात काही हललं नाही तर त्या पत्रावर काय कार्यवाही झाली याच्या टिपणीची प्रत मागणारा नवीन, एकाच विषयाचा, 10 रुपयांचा अर्ज टाका.