दर-मास्टर (बीजक-दर पडताळणीसाठी)

दर-मास्टर : पुरवठादाराशी ठरलेला प्रत्येक मालाचा खरेदीदर त्याच्या लागू तारखांसह एकाच ठिकाणी नोंदवून ठेवणारी संगणकीय नोंदवही. आलेल्या बीजकावरील (इन्व्हॉइसवरील) दर तिच्याशी आपोआप ताडून पाहिला जातो आणि जुळला नाही तर देयक थांबते. नाशिकच्या सातपूर, अंबड, सिन्नर आणि गोंदे येथील औद्योगिक वसाहतींत तिला ‘प्राइस मास्टर’ किंवा ‘रेट मास्टर’ म्हणतात. शीटमेटल, कास्टिंग आणि मशीनिंगची कामे करणारे अनेक लहान कारखाने येथे मोठ्या वाहन व विद्युत उद्योगांना माल देतात. त्यांचे दर पोलादाच्या भावाबरोबर वरचेवर बदलतात, त्यामुळे या नोंदवहीचे बरेवाईट परिणाम येथे लवकर जाणवतात.

उगम : या पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार ती दरकराराच्या जुन्या प्रथेतून आली. फारसीतून मराठीत रूढ झालेला ‘निरख’ हा शब्द चालू बाजारभावासाठी वापरला जात असे, आणि भाव ठरवून देणाऱ्या पत्रकास निरखनामा म्हणत. पुढे सरकारी खरेदीत वर्षभराचे दर आधी ठरवून ठेवणारे रेट कॉन्ट्रॅक्ट आले. केंद्राच्या पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाने अशी कॉन्ट्रॅक्टे दीर्घकाळ केली. हे महासंचालनालय 31 ऑक्टोबर 2017 रोजी बंद झाले. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूचीही याच कुळातली मानता येते.

दुसरे मत ‘मास्टर’ या शब्दावरच भर देते. पंचकार्डांच्या काळात हिशेबाचे काम दोन प्रकारच्या संचिकांवर चाले. क्वचित बदलणारी माहिती मास्टर संचिकेत असे आणि रोजचे व्यवहार वेगळ्या संचिकेत. दोन्ही एका क्रमाने लावून यंत्रातून काढत. दर-मास्टर हा या मांडणीचाच वंशज ठरतो. हे मत अधिक पटणारे वाटते. निरखनाम्यात आणि दरसूचीत दर असतो, परंतु बिल तपासणारा माणूसच असतो. बिल आणि दर यांची आपसूक गाठ घालण्याची कल्पना मास्टर संचिकेखेरीज संभवत नाही. ‘लागू तारीख’ ही संकल्पना मात्र कराराच्या कागदातून आली असावी, आणि तेवढ्यापुरते पहिल्या मतातही तथ्य आहे.

या इतिहासात फोर्ड कंपनीचे उदाहरण वारंवार दिले जाते. 1990 साली व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी ते मांडले. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतील देयक विभागात पाचशेहून अधिक माणसे होती, माझ्दा या जपानी वाहन कंपनीकडे पाच. फोर्डने बीजक जुळवणे सोडून दिले आणि माल आल्याची नोंद झाली की खरेदी आदेशातील दराने पैसे देण्यास सुरुवात केली. या उदाहरणात माणसे कमी झाल्याचाच उल्लेख सहसा होतो. बीजक बाजूला काढल्यावर संगणकातला दर हाच एकमेव आधार उरला, म्हणजे तो चुकला तर चूक दाखवणारा दुसरा कागदच राहिला नाही, हा त्यातला खरा धडा आहे.

रचना : दर-मास्टरमधील एक ओळ म्हणजे पुरवठादार, मालाचा क्रमांक, ज्या प्लांटला माल जातो तो प्लांट, मोजणीचे एकक, दर, ‘पासून’ तारीख आणि ‘पर्यंत’ तारीख. एकक चुकले तर फरक बहुधा कित्येक पटींचा असतो, म्हणून तो पहिल्याच बिलाला उघडकीस येतो. तारखेची चूक तशी दिसत नाही. पडताळणीचा गाभा पुढीलप्रमाणे असतो :

```
SELECT rate FROM price_master
WHERE vendor = :v AND item = :i AND plant = :p
  AND valid_from <= :d AND valid_to >= :d;
```

उत्तरात नेमकी एक ओळ यायला हवी. एकही आली नाही तर कराराची मुदत संपलेली असते किंवा दर चढवायचा राहिलेला असतो. दोन आल्या तर तारखा एकमेकींवर चढलेल्या असतात, आणि अशा वेळी प्रणालीने स्वतःहून एक निवडणे धोक्याचे आहे. बिल थांबवणे बरे.

यातील `:d` म्हणजे कोणती तारीख, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. अंबडच्या कारखान्यातून 28 मार्चच्या बिलाने निघालेला माल 2 एप्रिलला सातपूरच्या गेटवर उतरला आणि 1 एप्रिलपासून दर बदलला असेल, तर बिलाच्या तारखेने जुना दर लागतो आणि जीआरएनच्या, म्हणजे माल आल्याच्या नोंदीच्या, तारखेने नवा. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. ‘एसएपी’ या संगणकप्रणालीमध्ये खरेदी आदेशाची तारीख, माल देण्याची तारीख, माल आल्याची तारीख यांपैकी कोणती धरायची हे ठरवून ठेवता येते. करारपत्रात मात्र हे वाक्य बहुधा नसते, आणि मग दर तिमाहीच्या तोंडाशी तोच वाद होतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पुष्कळ प्रणाली बीजकाची तुलना थेट दर-मास्टरशी करतच नाहीत; ती खरेदी आदेशाशी करतात. आदेश तयार होताना मास्टरमधला दर त्यात उतरतो. आदेश जुन्यावरून कॉपी केला, किंवा दर हाताने खोडून दुसरा टाकला, तर मास्टर कितीही अचूक असला तरी पडताळणी त्या चुकलेल्या आदेशाशी होते आणि बिल बिनतक्रार निघते. म्हणून आदेशातील दराचा रकाना हाताने बदलता येऊ नये, असे कुलूप प्रथम लावावे लागते.

दरबदलाचे उदाहरण : विजेच्या पॅनेलसाठी लागणारा पोलादी पत्र्याचा एक ब्रॅकेट घेऊ. एका नगाला पत्रा 1.20 किलो लागतो आणि तयार नगाचे वजन 0.85 किलो भरते, उरलेला 0.35 किलो स्क्रॅप. पत्रा 62 रुपये किलो, स्क्रॅप 30 रुपये किलो आणि प्रेस, वेल्डिंग, पावडर कोटिंग व नफा मिळून 14 रुपये. पत्र्याचे 74.40 रुपये, त्यातून स्क्रॅपचे 10.50 वजा, वर 14 रुपये, दर 77.90. हा दर 1 जानेवारी ते 31 मार्चपर्यंत.

एप्रिलपासून पत्रा 66 आणि स्क्रॅप 32 रुपये झाला. नवा दर 79.20 वजा 11.20 अधिक 14, म्हणजे 82 रुपये. फरक नगामागे 4.10. बोलणी लांबली आणि अमेंडमेंटचे पत्र 20 मे रोजी निघाले. दर मात्र 1 एप्रिलपासून लागू. दरम्यान 6,000 नग जुन्याच दराने गेले आणि स्वीकारलेही गेले. पुरवठादाराचे येणे 24,600 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 4,428, एकूण 29,028 रुपये. नाशिकमध्ये याला ‘दरफरकाचे बिल’ किंवा ‘सप्लिमेंटरी’ म्हणतात. जीएसटीच्या भाषेत ती पुरवठादाराने काढायची डेबिट नोट.

मास्टरमध्ये बरोबर नोंद अशी : जुनी ओळ 31 मार्चला बंद, नवी ओळ 1 एप्रिलपासून. चुका दोन प्रकारे होतात. पहिलीत खरेदी विभागातला माणूस जुनीच ओळ उघडतो आणि 77.90 खोडून 82.00 लिहितो, ‘पासून’ तारीख 1 जानेवारीच राहते. आता जानेवारी ते मार्चच्या मालावरही पुरवठादाराने फरक मागितला, समजा 10,800 नगांचा, तर 44,280 रुपयांचे ते बिल अडवायला प्रणालीत काहीच आधार उरत नाही. मार्चअखेर काय दर होता याचा पुरावाही त्याच क्षणी पुसला गेलेला असतो. दुसऱ्या चुकीत नवी ओळ पत्राच्या तारखेपासून, 20 मेपासून, चढते. मग पुरवठादाराचे रास्त 24,600 रुपये अडकतात. आठदहा माणसांच्या प्रेसशॉपसाठी ही रक्कम लहान नाही, कारण पत्र्याचे वाढीव पैसे त्याने एप्रिलमध्येच चुकते केलेले असतात.

दरफरकाच्या बिलाची तपासणी नेहमीच्या चाळणीने होत नाही, हेही ध्यानात घ्यावे. त्यावरील दर 4.10 असतो आणि मास्टरमध्ये असा दर कुठेच नसतो. म्हणून दोन ओळींतील फरक काढून त्याला त्या काळातील जीआरएनच्या स्वीकृत नगांनी गुणावे लागते. बिलात पाठवलेले नग आणि जीआरएनवर रिजेक्शन वजा जाता राहिलेले नग यांतला फरक येथेच सापडतो.

सहनमर्यादा : पैशा-दोन पैशांच्या फरकासाठी बिल अडू नये म्हणून थोडी सूट ठेवतात. ती केवळ टक्क्यांत ठेवणे घातक आहे. 77.90 वर दोन टक्के म्हणजे सुमारे 1.56 रुपये. कोणी प्रत्येक बिलात 79.40 लावले तर एकही बिल थांबणार नाही, आणि वर्षाला 60,000 नगांवर 90,000 रुपये जादा जातील. टक्के आणि रुपये अशा दोन्ही मर्यादा ठेवून त्यांपैकी लहान ती लावणे, आणि ती बिलाच्या एकूण रकमेला न लावता प्रत्येक ओळीला लावणे, हा उपाय आहे. एकूण रकमेला लावली तर एका मालाचा जादा दर दुसऱ्याच्या कमी दरामागे लपतो.

मर्यादा : मास्टरमधला दरच चुकीचा असेल तर सगळी बिले जुळतात, आणि हा दोष आतून दिसत नाही. त्याची एक ठळक खूण आहे. दराची ओळ ज्या दिवशी तयार झाली तो दिवस आणि पहिले बिल नोंदवल्याचा दिवस एकच असेल, तर दर बहुधा करारावरून न घेता बिलावरून उतरवलेला असतो. अडकलेले बिल सोडवण्याच्या घाईत असे होते. दर चढवणारा आणि मंजूर करणारा वेगळा असावा, आणि मंजूर करणाऱ्याने बिल नव्हे, करारपत्र समोर ठेवावे.

दर न जुळल्याने बिल थांबले, तरी काळ थांबत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांना लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसल्यास 15 दिवसांत पैसे देणे 2006 च्या कायद्याने बंधनकारक आहे. 2023-24 या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकराच्या नियमानुसार या मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही. ती प्रत्यक्ष दिली त्या वर्षी धरली जाते. म्हणून वादातील फरक बाजूला ठेवून जुळणाऱ्या दराइतके पैसे सोडण्याची पद्धत चांगली. वरच्या उदाहरणात बिल 82 ने आले आणि मास्टरमध्ये अजून 77.90 असेल, तर नगामागे 4.10 रोखून बाकीचे सोडता येतात. दर खरोखर जादा लागला असेल तर पुरवठादाराने क्रेडिट नोट द्यायची. तिच्यावर कर कमी करून घ्यायचा तर माल दिला ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, ती विवरणात यावी लागते. खरेदीदाराने ‘डेबिट मारला’ म्हणजे स्वतःच्या वहीत नोंद झाली. पुरवठादाराचा कर तेवढ्याने कमी होत नाही.

लहान कारखान्यांत : ज्या कारखान्यांत ईआरपी, म्हणजे सगळे विभाग जोडणारी संगणकप्रणाली, नाही तेथे दर-मास्टर एक्सेलच्या पानावर असतो. तेथे बहुधा चालू दराचाच एक रकाना असतो आणि दर बदलला की जुना खोडला जातो. त्याच पानावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने वाढवून प्रत्येक बदलाला नवी ओळ घातली, तरी दरफरकाचे बिल काढताना किंवा तपासताना दोन्ही बाजूंना एकच आकडा मिळतो.